वार एकच, मग जुळ्या एकसारख्या का?

*डॉक्टर मॅडम, दीड महिन्यापूर्वी वाशीला सिझेरियन होऊन मला जुळ्या मुली झाल्या, सदतिसाव्या आठवड्यात. बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी माहेरी, ठाण्यात केली होती. तिच्यात 'डीसीडीए, लॅम्डा साइन आहे' असं लिहिलंय. डिस्चार्ज कार्डावर मात्र 'वार एकच'. सासूबाई म्हणतात, वार एक म्हणजे मुली एकसारख्या, आणि त्यांच्या चुलतसासऱ्यांकडेही जुळी होती म्हणजे हे आमच्याच घराण्यातून आलं. मला तर दोघींचे चेहरे वेगळे वाटतात. आता वारेचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आलाय. त्यात धाकटीच्या नाळेत तीनऐवजी दोनच रक्तवाहिन्या लिहिल्यात. विसाव्या आठवड्याला तर दोघींच्या नाळा नॉर्मल होत्या. मी घाबरले आहे. नक्की कोण चुकलं? सगळ्या कागदांचे फोटो पाठवते.*

*— दोन मुलींची आई, ऐरोली*

तुमचे सगळे फोटो मोठे करून नीट वाचले. कागदांचं आपसात भांडण नाही. प्रत्येकाने वेगळी गोष्ट पाहिली आणि तेवढीच लिहिली. मुली एकाच फलित बीजातून आलेल्या नाहीत, असं मी या कागदांवरून जवळजवळ खात्रीने सांगू शकते. धाकटीच्या नाळेतला 'दोन' हा आकडाही बहुधा बाळाबद्दल काही सांगत नाही. नाळेचा तुकडा कुठून कापला, ते सांगतो. कशावरून ते आता सविस्तर लिहिते, म्हणजे लॅबला फोन करताना काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

आधी वार. पोटात बाळाभोवती जी पाणमोट असते तिला एक नाही, दोन पडदे असतात. आतला, पाण्याला लागून असलेला, पातळ आणि काचेसारखा आरपार दिसणारा. त्याला ॲम्निऑन म्हणतात. बाहेरचा कोरिऑन, जरा जाड आणि धुरकट. वार तयार होते ती या बाहेरच्या कोरिऑनपासून. कोरिऑनचा एक भाग गर्भाशयाच्या अस्तरात मुळं रोवतो आणि त्याची वार होते. उरलेला भाग पडदा म्हणून राहतो. त्यामुळे जुळ्यांच्या बाबतीत विचारायचा प्रश्न 'वारा किती निघाल्या' हा नाही. 'कोरिऑन किती होते' हा आहे. तुमच्या सोनोग्राफीतलं 'डीसी' म्हणजे दोन कोरिऑन, 'डीए' म्हणजे दोन ॲम्निऑन.

दोन गर्भ गर्भाशयात लांब लांब रुजले तर वारा दोन सुट्या निघतात आणि कुणाला शंकाच येत नाही. पण गर्भाशयाची आतली जागा ती केवढी! दोघी शेजारी शेजारी रुजल्या की त्यांच्या वारा वाढता वाढता एकमेकींना भिडतात. एका तव्यावर जवळ जवळ घातलेली दोन घावनं पसरत जाऊन कडेला चिकटतात आणि उलथन्याने एकदमच निघतात, तसं होतं. पाहणाऱ्याला एकच मोठी वार दिसते, पण तिच्यात दोन वारा असतात. दोन कोरिऑनवाल्या जुळ्यांमध्ये हे अगदी नेहमीचं आहे. त्यांच्यात वारा सुट्या निघणं आणि जुळून निघणं, दोन्ही सर्रास आढळतं.

सिझेरियनच्या टेबलावर डॉक्टर वार हातात घेतात ती मुख्यतः एका कारणासाठी: पूर्ण निघाली की तुकडा आत राहिला? तुकडा राहिला तर नंतर रक्तस्राव होतो, म्हणून सगळं लक्ष तिकडे असतं. गोळा एक निघाला, त्यांनी 'एकच' लिहिलं. ते खरंच आहे. मला मात्र डिस्चार्ज कार्डावरच्या या एका ओळीचा राग येतो. ती वाचून घरोघरी मुलांवर 'एकसारखी' असा शिक्का बसतो आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला तेच सांगितलं जातं. त्या जागी मधल्या पडद्याबद्दल एक ओळ लिहिली असती, तर तिचा उपयोग झाला असता.

कारण सगळं गुपित त्या मधल्या पडद्यात असतं. दोन्ही बाळांच्या पाणमोटींमध्ये जी भिंत असते, ती वारेच्या बाळाकडच्या चकचकीत बाजूवर उभी राहिलेली दिसते. वार ट्रेमध्ये चकचकीत बाजू वर करून ठेवायची, रक्त धुऊन टाकायचं आणि ही भिंत चिमटीत धरून उजेडासमोर न्यायची. दोन्हीकडे फक्त ॲम्निऑन असेल तर भिंत दोनच पातळ थरांची असते. तिच्यातून पलीकडची बोटं दिसतात. मध्ये दोन कोरिऑनही असतील तर थर चार होतात: एकीचं ॲम्निऑन, तिचं कोरिऑन, दुसरीचं कोरिऑन, मग तिचं ॲम्निऑन. ही भिंत जाड, दुधट असते आणि तिच्यात बारीक बारीक रक्तवाहिन्यांचे वाळलेले अवशेषही दिसतात.

नुसत्या नजरेवर विसंबायचं नसेल तर थर सोलून पाहता येतात. भिंतीच्या वरच्या कडेला चिमट्याने दोन्हीकडची ॲम्निऑन हळूच वेगळी करत खाली वारेपर्यंत यायचं. एकच कोरिऑन असेल तर दोन्ही ॲम्निऑन सहज निघून येतात आणि खाली वारेचा पृष्ठभाग अखंड, गुळगुळीत राहतो. भिंत होती कुठे, ते शोधावं लागतं. कोरिऑन दोन असतील तर ॲम्निऑन काढल्यावरही मधोमध एक घट्ट पडदा उभाच राहतो. तो ओढला तर वारेचा पृष्ठभाग फाटतो, कारण तो तिच्यातच रुजलेला असतो. पॅथॉलॉजिस्ट मग भिंत आणि वार जिथे मिळतात त्या जागेचा, इंग्रजी टी अक्षरासारख्या कोपऱ्याचा, छोटा तुकडा घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात.

तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर, खालून चौथ्या ओळीत हेच आहे: मधला पडदा जाड, अपारदर्शक, ॲम्निऑन–कोरिऑन–कोरिऑन–ॲम्निऑन. त्याच्या वर वारेचं वर्णन करताना 'जुळलेली' असा शब्द वापरलाय. म्हणजे पॅथॉलॉजिस्टनेही गोळा एकच पाहिला. फक्त तो दोन वारांचा आहे, हे त्यांनी थर मोजून ठरवलं.

बाराव्या आठवड्याला ठाण्याच्या सोनोलॉजिस्टने पाहिलं तेही हेच, फक्त पोटाबाहेरून. दोन कोरिऑन जिथे भेटतात तिथे वारेचा थोडा भाग त्यांच्या फटीत पाचरीसारखा शिरतो. सोनोग्राफीत भिंतीच्या पायथ्याशी एक जाड त्रिकोण दिसतो, ग्रीक लॅम्डा अक्षराच्या आकाराचा. म्हणून ते नाव. एकच कोरिऑन असेल तर पाचर शिरायला फटच नसते. पातळ भिंत वारेवर सरळ काटकोनात उभी राहते आणि तिला 'टी साइन' म्हणतात. हे पाहायची योग्य वेळ ११ ते १४ आठवडे. पुढे भिंत पातळ होत जाते, पाचर विरते आणि विसाव्या आठवड्याला काहींमध्ये ती सापडतही नाही. म्हणून नंतरच्या एखाद्या रिपोर्टमध्ये लॅम्डाचा उल्लेख नसला तर पहिला रिपोर्ट चुकीचा ठरत नाही. या बाबतीत जुना कागद नव्यापेक्षा विश्वासाचा असतो.

जाता जाता आणखी एक. दोन बाळांची लिंगं वेगळी असली की ती दोन बीजांची आहेत हे उघड असतं आणि परदेशात सोनोग्राफी करणारे हा धागाही वापरतात. आपल्याकडे १९९४च्या कायद्याने गर्भाचं लिंग सांगायला किंवा लिहायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. म्हणून आपल्या रिपोर्टमध्ये सगळा भार पडद्यावर आणि वारेवर येतो.

हे एवढं का पाहतात? कोरिऑन एकच असेल तर वार दोघांत सामाईक असते आणि दोघांच्या रक्तवाहिन्या तिच्यात जवळजवळ नेहमी एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवाणघेवाण सारखी राहते. पण अशा दर शंभर गरोदरपणांपैकी साधारण दहा ते पंधरांमध्ये रक्त एकाच दिशेने जात राहतं. एका बाळाचं पाणी आटतं, दुसऱ्याभोवती पाण्याचा फुगा होतो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर दोघंही जाऊ शकतात. म्हणून अशा मातांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करतात. तुमची चार-चार आठवड्यांनी होत होती. तो हलगर्जीपणा नव्हता. तुमचा लॅम्डा पाहूनच ते ठरलं होतं.

आता सासूबाईंचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे, म्हणून त्यांना एकदम खोडून काढू नका. खरोखर एकच कोरिऑन असेल तर अगदी क्वचित अपवाद सोडता जुळी एकाच बीजाची असतात. मात्र उलटं खरं नाही. दोन कोरिऑन असले म्हणजे बीजं दोनच होती, असं म्हणता येत नाही. हे सगळं फलित बीज कधी दुभंगलं यावर ठरतं. कोरिऑन ज्या पेशींपासून होतो त्या चौथ्या-पाचव्या दिवशी वेगळ्या होतात. बीज तिसऱ्या दिवसापर्यंतच दुभंगलं तर दोन्ही भाग आपापला कोरिऑन आणि आपापलं ॲम्निऑन तयार करतात. दिसायला सगळं दोन बीजांच्या जुळ्यांसारखंच, हुबेहूब. चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगलं तर कोरिऑन आधीच एक झालेला असतो. मग वार एक आणि ॲम्निऑन दोन. एका बीजाच्या जुळ्यांत हेच सर्वांत जास्त होतं. आठव्या दिवसानंतर दुभंगलं तर ॲम्निऑनही एकच, दोघं एका पाण्यात, आणि त्यांच्या नाळा एकमेकींत गुंतण्याची भीती. हे फार विरळ. तेराव्या दिवसापुढे गेलं तर बाळं शरीराने जोडलेली राहतात.

म्हणजे चार थरांचा पडदा आणि दोन्ही मुली एवढंच हातात असेल, तर त्या एका बीजाच्या असण्याची शक्यता किती? ढोबळ हिशोब करू. जुळ्यांच्या ९० जोड्या घेतल्या आणि त्यांतल्या एक-तृतीयांश एका बीजाच्या धरल्या. हे प्रमाण प्रदेशानुसार आणि वंध्यत्वाच्या उपचारांनुसार बदलतं, पण अंदाजाला पुरेसं आहे. तर ३० जोड्या एका बीजाच्या आणि ६० दोन बीजांच्या. त्या ३०पैकी साधारण तिसरा हिस्सा लवकर दुभंगलेला, म्हणजे १० जोड्यांचे कोरिऑन दोन. दोन बीजांच्या ६० जोड्यांचे कोरिऑन दोनच असतात. त्यांतल्या निम्म्या एक मुलगा, एक मुलगी अशा, म्हणजे समलिंगी जोड्या ३०. तेव्हा कोरिऑन दोन आणि लिंग एकच अशा एकूण ४० जोड्या झाल्या आणि त्यांतल्या १० एका बीजाच्या. चारात एक. इथे पडद्याचं काम संपतं. सूक्ष्मदर्शक कितीही चांगला असला तरी तो याच्या पुढचं सांगू शकत नाही.

चेहऱ्यावर मी भिस्त ठेवत नाही. दीड महिन्याच्या बाळांत पोटातली जागा, वजन आणि डोक्याचा आकार यांमुळे एका बीजाच्या मुलीही वेगळ्या दिसतात, आणि सख्ख्या बहिणी कधी कधी ओळखू येत नाहीत.

पण तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डावर तळाला, लसीकरणाच्या चौकटीच्या वर, एक ओळ आहे. तिच्याकडे तुमचं बहुतेक लक्ष गेलेलं नाही. मोठीचा रक्तगट बी पॉझिटिव्ह, धाकटीचा ओ पॉझिटिव्ह. तुमचा ओ आणि त्यांच्या बाबांचा बी. ओ गटाच्या आईकडून प्रत्येक बाळाला ओचाच वारसा मिळतो. बी गटाच्या बाबांकडे एक बी आणि एक झाकलेला ओ असू शकतो, आणि त्यांतला कुठला मिळाला त्यावर बाळाचा गट ठरतो. मोठीला बाबांचा बी मिळाला, धाकटीला ओ. एकाच बीजाच्या दोघींना हा वारसा एकच मिळाला असता. म्हणून बीजं दोन होती.

याला एकच पुरवणी जोडते. जन्मतःच्या रक्तगटाची तपासणी कधी कधी फिकी येते आणि जुळ्यांच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊ शकते. ती झाली असली तरी गट वेगळेच राहतात, फक्त कुणाचा कोणता एवढंच उलटेल. पुढे दोघींचं रक्त कशासाठी तरी घ्यावं लागलंच, तेव्हा गट पुन्हा पाहून घ्या. त्यासाठी म्हणून सुई टोचू नका. गट सारखे आले असते तर मात्र काहीच सिद्ध झालं नसतं. सख्ख्या बहिणींचे गट सारखे असतातच. तेव्हा गालाच्या आतून घेतलेल्या पेशींची डीएनए चाचणी, एवढाच मार्ग उरला असता.

घराण्याचं सांगायचं तर, दोन बीजांची जुळी होण्यासाठी एका महिन्यात दोन बीजं सुटावी लागतात, आणि ती सुटतात आईच्या बीजकोशातून. ही प्रवृत्ती रक्तात येते ती आईच्या बाजूने मोजायची. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या काकांच्या जुळ्यांचा तुमच्या मुलींशी काही संबंध नाही. तुमच्या आईच्या किंवा आजीच्या माहेरी कुणी जुळी होती का, हे विचारा. हे सासूबाईंना आज सांगायचं की मुलींच्या पहिल्या वाढदिवसाला, ते तुम्हीच ठरवा.

आता नाळ, तुमच्या घाबरण्याचं खरं कारण. पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ साधारण ५० ते ६० सेंमी लांब असते. आडवी कापली की आत तीन तोंडं दिसतात: दोन छोटी, जाड भिंतीची, आवळून बसलेली, त्या धमन्या. तिसरं मोठं, सैल, पातळ भिंतीचं, ती शीर. त्यांचं काम मोठ्या माणसाच्या शरीरापेक्षा उलटं असतं. धमन्या बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे नेतात आणि शीर प्राणवायूने भरलेलं रक्त बाळाकडे आणते. सुरुवातीला शिराही दोन असतात. त्यांतली उजवी पहिल्या काही आठवड्यांतच विरून जाते. या तिघींभोवती गच्च पांढरट जेली भरलेली असते. इंग्रज डॉक्टर थॉमस व्हॉर्टन यांनी १६५६ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून ती व्हॉर्टनची जेली. नाळेला पीळ पडला, गाठ बसली किंवा बाळाखाली ती दबली तरी जेली दाब झेलते आणि रक्तवाहिन्या लगेच बंद होत नाहीत. वरून सगळ्याला ॲम्निऑनचंच आवरण. नसा नसतात, म्हणून नाळ कापताना बाळाला दुखत नाही.

दोनऐवजी एकच धमनी असणं हे एकट्या बाळांत दर शंभरात साधारण एकाला किंवा त्याहून कमी आढळतं आणि जुळ्यांत त्याहून जास्त. कधी दुसरी धमनी तयारच होत नाही, कधी होऊन सुकते. तिच्यासोबत मूत्रपिंड किंवा हृदयातला दोष थोडा जास्त वेळा सापडतो, म्हणून तिची नोंद घेतात. बाकी सगळं नीट असेल तर अशी बहुतेक बाळं ठणठणीत असतात.

तुमच्या मुलीला मात्र ती एकच होती, असं मला वाटत नाही. दोन कारणांसाठी.

पहिलं तुमच्या विसाव्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये आहे. नाळेच्या दोन धमन्या बाळाच्या पोटात शिरल्यावर मूत्राशयाच्या दोन्ही बाजूंनी जातात. रंगीत डॉप्लर लावला की मूत्राशयाच्या काळ्या वर्तुळाला दोन्हीकडून रंगीत रेघा मिठी मारताना दिसतात. एक धमनी नसेल तर एक बाजू रिकामी राहते. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही बाळांसाठी 'मूत्राशयाच्या दोन्ही बाजूंना धमनी दिसली' असं वेगवेगळं लिहिलंय. सोनोग्राफीतलं 'ए' बाळ आणि सिझेरियनमध्ये आधी निघालेलं बाळ एकच असेल असं नसतं. पण इथे दोघींचंही उत्तर 'दोन' आहे, त्यामुळे अदलाबदल झाली असली तरी फरक पडत नाही.

दुसरं कारण पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये आहे, तुकडा कुठून घेतला त्या ओळीत. दोन क्लिपवाली नाळ, म्हणजे दुसऱ्या बाळाची (पहिल्या बाळाच्या नाळेला एक आणि दुसऱ्याच्या नाळेला दोन क्लिप लावायची पद्धत आहे), लॅबला आली तीच आखूड, फक्त ४ सेंमी. उरलेली बहुधा प्रसूतीच्या वेळीच कापली गेली. आणि तपासणीचा तुकडा घेतलाय 'वारेपासून १ सेंमी'वर. बहुतेक सगळ्या नाळांमध्ये वारेला लागता लागता दोन धमन्या एका छोट्या दुव्याने एकमेकींना जोडलेल्या असतात. व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ योझेफ हिर्टल यांच्या नावाने हा दुवा ओळखला जातो. वारेच्या दोन भागांत दाब सारखा राहावा, हे त्याचं काम. काही नाळांमध्ये तर दोन धमन्या तिथे चक्क एक होऊन जातात. त्या जागेवर सुरी चालली की दोन धमन्यांच्या जागी एकच तोंड दिसतं आणि मोजणारा प्रामाणिकपणे 'दोन रक्तवाहिन्या' लिहितो. म्हणूनच रक्तवाहिन्या मोजायचा तुकडा वारेपासून किमान ३ सेंमी दूर, शक्यतो बाळाकडच्या टोकाला घ्यावा, असं शिकवतात. मोठीच्या नाळेचा लांब तुकडा आला होता, तिचा छेद मधून घेतला आणि तीन मोजल्या गेल्या.

तेव्हा लॅबला आजच फोन करा. रिपोर्टवरचा नमुना क्रमांक सांगा आणि विचारा की दोन क्लिपवाल्या नाळेचा उरलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये अजून ठेवलाय का. असेल तर त्याच्या क्लिपकडच्या टोकाचा छेद घेऊन पुन्हा मोजा म्हणावं. रिपोर्ट दिल्यावर असे ओले नमुने काही आठवडेच ठेवतात, म्हणून उद्यावर टाकू नका. 'मेणाचा ठोकळा आहे, त्यातून पुन्हा काप काढतो,' असं कुणी म्हणालं तर त्याचा उपयोग नाही. ठोकळ्यात तोच १ सेंमीवाला तुकडा आहे, उत्तर पुन्हा दोनच येईल. आणि पॅथॉलॉजिस्टशी वाद घालायला जाऊ नका. त्यांना बहुधा विसाव्या आठवड्याचा रिपोर्ट कुणी पाठवलाच नव्हता. तो तुम्ही पाठवा. तो पाहून अनेक जण आपणहून पुरवणी नोंद जोडून देतात.

तुकडा टाकून दिलेला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दोन्ही कागद एकत्र दाखवा. अडीच महिन्यांच्या लसीला जाल तेव्हा न्या, त्यासाठी वेगळी धावपळ नको. ते हृदय ऐकतील, पोट तपासतील, शी-शू नीट होते का आणि वजन कसं वाढतंय ते पाहतील. काही डॉक्टर मूत्रपिंडाची एक सोनोग्राफी करून घेतात, काहींना बाकी तपासणी चांगली असताना तिची गरज वाटत नाही. दोन्हींत चूक नाही आणि सोनोग्राफीने बाळाला त्रासही नाही. मात्र धाकटीला त्याआधी कारण नसताना ताप आला, शू करताना ती कळवळून रडली किंवा दूध पिताना दमून घामाघूम होऊ लागली, तर लसीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. नाळेत रक्तवाहिन्या दोन असोत की तीन, या वयाच्या कुठल्याही बाळासाठी मी हेच सांगितलं असतं.

आणि डिस्चार्ज कार्डावर 'वार एकच'च्या पुढे 'दोन कोरिऑन, दोन ॲम्निऑन, जुळलेली वार' एवढं लिहून सही-शिक्का मारून द्या, असं रुग्णालयाच्या नोंदणी विभागाला सांगा. सोबत पॅथॉलॉजी रिपोर्टची झेरॉक्स लागेल.